उभ्या गाडीचा पॅनिंग शॉट: आधी गाडी पुसा, मग ब्लर द्या

"रस्त्याकडेला उभ्या असलेल्या लाल गाडीचा फोटो आहे. फोटोशॉपमध्ये गाडी वेगळ्या लेयरवर घेऊन मागच्या लेयरला मोशन ब्लर दिला, तर गाडीच्या पुढे-मागे लाल धूर पसरल्यासारखा दिसतो. शिवाय ब्लर नेमका किती द्यायचा तेही कळत नाही. खरा पॅनिंग शॉट वाटेल असं काय करू?"

तो लाल धूर म्हणजे तुमची गाडीच आहे. वेगळ्या लेयरवर तिची प्रत गेली, पण खालच्या लेयरमध्ये ती होती तिथेच राहिली आणि ब्लरने तिलाही फासलं. मोशन ब्लर प्रत्येक पिक्सेलसाठी ठरलेल्या दिशेतल्या दोन्ही बाजूंच्या पिक्सेलची सरासरी काढतो. समजा Distance १८८ आहे. बंपरच्या पुढे ५० पिक्सेलवरचा एक ठिपका घ्या. तो दोन्हीकडचे ९४-९४ पिक्सेल गोळा करतो, त्यातले ४४ गाडीवर पडतात. म्हणजे त्या ठिपक्याचा जवळजवळ चौथा हिस्सा लाल झाला. खऱ्या पॅनिंगमध्ये असं होत नाही. कॅमेरा गाडीबरोबर फिरत राहतो म्हणून शटर उघडं असेपर्यंत गाडी चौकटीत एकाच जागी असते, त्यामुळे तिच्या शेजारच्या पिक्सेलवर फक्त मागचा देखावा सरकत जातो.

म्हणून ब्लरच्या आधी खालच्या लेयरमधून गाडी पूर्ण पुसायची. गाडीचं सिलेक्शन घ्या, Select > Modify > Expand मधून ते १५ पिक्सेल वाढवा म्हणजे कडेचा लाल काठ मागे राहणार नाही, मग Edit > Content-Aware Fill, आणि तिथे Output To मध्ये Current Layer निवडा, नाहीतर भराई वेगळ्या लेयरवर जाते आणि खाली गाडी तशीच राहते. जमिनीवरची सावलीही याच सिलेक्शनमध्ये घ्या, ती नंतर वेगळी रंगवायची आहे.

ही भराई फार सफाईदार लागत नाही, पण कुठे लागते ते ओळखायला हवं. ब्लरच्या दिशेला आडव्या जाणाऱ्या सगळ्या गोष्टी, म्हणजे झाडांची खोडं, खांब, भिंतीतले सांधे, विरघळून जातात. तिथली ठिगळं कुणाला दिसणार नाहीत. ब्लरच्या दिशेनेच धावणाऱ्या रेषा मात्र तशाच टिकतात: फुटपाथची कड, रस्त्यावरचा पांढरा पट्टा, कठडा. गाडीमागून जाताना फुटपाथची कड सहा पिक्सेल खाली घसरली असेल, तर कितीही ब्लर दिला तरी ती पायरी दिसत राहते. माझा सगळा वेळ या दोन-तीन रेषा क्लोन स्टँपने सरळ जुळवण्यात जातो. बाकी जागेकडे मी बघतही नाही.

आता ब्लर किती. हा आकडा अंदाजाने ठरवू नका, तो काढता येतो. गाडीची लांबी ४ मीटर आणि फोटोत ती ३००० पिक्सेल भरते असं धरू. म्हणजे एका मीटरला ७५० पिक्सेल. ताशी ५४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १५ मीटर. शटर १/६० सेकंद धरलं तर तेवढ्यात गाडी २५ सेंटिमीटर जाते, म्हणजे सुमारे १८८ पिक्सेल. Filter > Blur > Motion Blur मध्ये Distance तोच टाका. १/३० चा परिणाम हवा असेल तर दुप्पट. Angle साठी रुलर टूलने दोन्ही टायर जमिनीला टेकतात ते बिंदू जोडा, वर कोन दिसतो. दोन अंशांचा फरकही डोळ्याला खटकतो, कारण गाडी रस्ता सोडून तिरकी निघाल्यासारखी वाटते.

इथे बरेच जण एक चूक हौसेने करतात: जवळच्या गवताला जास्त ब्लर आणि लांबच्या डोंगराला कमी. चालत्या गाडीतून शेजारच्या गाडीचा फोटो काढला तर तसं दिसतं. पॅनिंगमध्ये फोटोग्राफर एका जागी उभा राहून कॅमेरा फिरवतो. कॅमेरा जितक्या अंशांनी फिरला तितक्याच अंशांनी जवळचं आणि लांबचं सगळं स्थिर जग सरकतं. म्हणून पूर्ण खालच्या लेयरला एकच Distance. गाडीखालचा रस्ताही त्यात आला.

चाकं थांबलेली राहिली तर बाकीची मेहनत फुकट जाते. हिशोब तोच पुढे न्यायचा. टायरचा व्यास ६० सेंटिमीटर असेल तर परीघ साधारण १८८ सेंटिमीटर. २५ सेंटिमीटर जाताना चाक जवळपास ४८ अंश फिरलं. चाक वेगळ्या लेयरवर घ्या, Filter > Blur Gallery > Spin Blur उघडा, लंबवर्तुळ टायरच्या कडेशी जुळवा, केंद्र बरोबर हबवर आणा आणि Blur Angle ४८ द्या. चाकावरचं मडगार्ड यात फिरता कामा नये, ते मास्कने वाचवा. आरे जाळीदार असतील तर आतला ब्रेक कॅलिपर दिसतो. तो चाकाबरोबर फिरत नाही, पण फिरत्या आऱ्यांमधून तो पुसट दिसतो. म्हणून मूळ फोटोतला कॅलिपर अर्ध्या अपॅसिटीने परत आणा.

सावली गाडीबरोबर चालते, म्हणून तिची कड गाडीइतकीच स्थिर हवी. तिच्या आतलं डांबर मात्र पट्ट्यापट्ट्यांचं हवं. ब्लर झालेल्या रस्त्यावर Multiply मोडचा नवा लेयर घेऊन मऊ ब्रशने, मूळ फोटोत होती त्याच आकाराची सावली रंगवली की दोन्ही आपोआप साधतं. टायरखाली ती सगळ्यात गडद ठेवा, नाहीतर गाडी हवेत तरंगते.

काचाही तपासा. खिडकीतून पलीकडचं झाड स्पष्ट दिसत असेल तर तेवढी काच गाडीच्या लेयरच्या मास्कमध्ये राखाडी करा, म्हणजे मागचे पट्टे झिरपून दिसतील आणि काचेवरची चकाकीही थोडी उरेल. आणि स्टिअरिंगमागे कुणी बसलेलं आहे का ते बघा. उभ्या गाडीच्या फोटोत ती जागा बहुतेक वेळा रिकामी असते आणि मग ब्लर कितीही अचूक असला तरी बघणाऱ्याचा विश्वास तिथेच उडतो. काच गडद करणं हा त्यातल्या त्यात सोपा मार्ग.

शेवटी दाणा. ब्लरमुळे मागचा सगळा नॉइज धुतला जातो आणि गाडीवर तो राहतो. १०० टक्क्यांवर झूम करून दोन्हीकडे बघा आणि मागच्या लेयरला Add Noise ने गाडीइतकाच दाणा द्या. गाडीलाही त्याच कोनात दोन-तीन पिक्सेलचा ब्लर द्यायला हरकत नाही, हाताने केलेल्या पॅनिंगमध्ये ती इतकी कोरीव क्वचितच येते.

हे सगळं बाजूने काढलेल्या फोटोला लागू पडतं. गाडी तिरकी, तोंड आपल्याकडे करून उभी असेल, तर खऱ्या पॅनिंगमध्ये तिचा एकच भाग स्पष्ट येतो आणि उरलेला धूसर होतो. पूर्ण स्पष्ट तिरकी गाडी आणि मागे सरळ पट्टे, ही जोडी बनावट दिसते. तसा फोटो असेल तर मी तो या कामाला घेत नाही.