विहिरीत नायट्रेट 98, आणि घरात दोन महिन्यांचं बाळ

प्रश्न : "साहेब, आमचा मोसंबीचा मळा अंबड तालुक्यात. विहिरीचं पाणी तपासलं, नायट्रेट 98 आलं. लेक बाळंतपणाला आलीय, नातू दोन महिन्यांचा. तिचं दूध पुरत नाही म्हणून डब्याची पावडर याच पाण्यात देतो. पाणी तुरटी फिरवून, वीस मिनिटं उकळूनच देतो. आम्ही चार पिढ्या हेच पाणी पितोय, कुणाला काही झालं नाही. मग लेकराला चालंल ना?"

उत्तर : काका, चालणार नाही. हे उत्तर वाचताय त्या घटकेपासून बाटलीत या विहिरीचं पाणी घालू नका, बाकीचं सावकाश वाचा.

उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट हे मीठ आहे, ते मरत नाही आणि वाफेबरोबर उडूनही जात नाही. पाणी आटतं आणि मीठ पातेल्यात राहतं. एक लिटर पाणी वीस मिनिटं खळखळ उकळून 700 मिली उरलं, तर लिटरला 98 मिलिग्रॅमचं 140 झालं. म्हणजे बाळासाठी घेतलेल्या काळजीनेच त्याच्या बाटलीतलं नायट्रेट वाढत होतं. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, पण नायट्रेट पूर्ण विरघळलेलं असतं, त्यामुळे ते बसत नाही. टीसीएल पावडर, मेडिक्लोर, चौघडी फडकं, कँडलचा फिल्टर, यातलं काहीच त्याला अडवत नाही. पाण्याला रंग, वास किंवा चव येत नाही. तुमची विहीर मी मागच्या आठवड्यात पाहिली, पाणी काचेसारखं नितळ होतं.

पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मानकातली मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे आणि तिच्यात सवलत ठेवलेली नाही. ही मर्यादा मुळात तान्ह्या बाळांसाठीच घातलेली आहे. 1945 साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉम्ली या डॉक्टरने शेतावरच्या विहिरीचं पाणी घातलेलं दूध पिणारी बाळं निळी पडल्याचं नोंदवलं. पाणी बदलल्यावर ती सुधारली. या आजाराला 'ब्लू बेबी' असंही म्हणतात.

आता तुम्हाला काही होत नाही आणि नातवाला का होईल, ते बघू. नायट्रेट स्वतः फारसं अपाय करत नाही. पोटातले काही जीवाणू त्याचं नायट्राइट करतात. हे नायट्राइट रक्तात गेलं की हिमोग्लोबिनमधल्या लोहाचं रूप बदलतं, आणि तसं बदललेलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेत नाही. मोठ्या माणसाच्या जठरात आम्ल कडक असतं, त्यात हे जीवाणू फार टिकत नाहीत. तान्ह्या बाळाचं आम्ल सौम्य, म्हणून तिथे त्यांना रान मोकळं मिळतं. शिवाय बाळाच्या रक्तात जन्माआधीचं हिमोग्लोबिन अजून शिल्लक असतं, ते लवकर बिघडतं. बिघडलेलं हिमोग्लोबिन पुन्हा ठीक करणारं एन्झाइम मोठ्यांच्या मानाने बाळात साधारण निम्मंच काम करतं.

त्यात मात्राही मोठी. तुमचं वजन 60 किलो धरलं आणि दिवसाला 3 लिटर पाणी धरलं, तर वजनाच्या दर किलोमागे तुम्हाला सुमारे 5 मिलिग्रॅम नायट्रेट मिळतं. नातू 5 किलोचा आहे आणि पूर्ण वरच्या दुधावर असेल तर दिवसाला पाऊण लिटर पितो. उकळून 140 झालेल्या पाण्यात त्याला किलोमागे 21 मिलिग्रॅम जातं, तुमच्या चौपट. चार पिढ्यांचं म्हणाल, तर तुमच्या आजोबांच्या काळात या विहिरीवर युरियाची गोणी नव्हती आणि पाळण्यात बाटलीही नव्हती.

98 च्या पाण्यावरचं प्रत्येक बाळ निळं पडतं असं नाही. पुष्कळशी नोंदलेली प्रकरणं 100 च्या वरच्या पाण्यातली आहेत. पण बाळाला जुलाब लागले की धोका एकदम चढतो, कारण आतड्याच्या आजारात शरीर स्वतःच नायट्राइट तयार करतं. जुलाब कधी लागतील हे कुणी सांगू शकत नाही, म्हणून आज बाळ खेळतंय यावर विसंबू नका.

खूण कशी ओळखायची ते लेकीला आणि घरातल्या बायांना दाखवून ठेवा. बाळाला उजेडात घ्या. ओठ, जीभ, हिरड्या आणि नखांच्या मुळाशी बघा. राखाडी-निळसर किंवा जांभळट झाक दिसली आणि अंग गरम असूनही ती जात नसेल, तर वेळ घालवू नका. थंडीने हातपाय निळे होतात, पण जीभ निळी होत नाही. सावळ्या बाळात कातडीवर रंग चटकन कळत नाही, म्हणून जीभ आणि हिरड्याच बघायच्या. सुरुवातीला बाळ निळं दिसतं, पण दम लागलेला नसतो, आणि घरचे तिथेच फसतात. पुढे ते सुस्त होतं, दूध ओढत नाही, श्वास जोरात चालतो. हिमोग्लोबिनचा साधारण दहावा हिस्सा बिघडला की निळेपणा दिसतो, आणि सत्तर टक्क्यांच्या वर गेला तर जीव जातो.

दवाखान्यात जाताना पाण्याचा अहवाल खिशात घ्या आणि डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा, "बाळाला विहिरीच्या पाण्यातलं दूध देत होतो, पाण्यात नायट्रेट जास्त आहे." हे सांगणं फार गरजेचं आहे, कारण निळं बाळ बघून आधी हृदयाचा किंवा फुप्फुसाचा विचार होतो. या आजारात प्राणवायू लावूनही रंग सुधारत नाही, बोटाला लावायचं यंत्र 85 च्या आसपास अडकून राहतं आणि काढलेलं रक्त चॉकलेटसारखं तपकिरी दिसतं. यावर मिथिलीन ब्लू हे इंजेक्शन आहे, पण ते शिरेतून, रुग्णालयातच देतात. वेळेवर दिलं तर तासाभरात रंग पालटतो.

मग बाळाला काय द्यायचं? पहिलं, लेकीचं दूध. आईने नायट्रेटचं पाणी प्यायलं तरी ते दुधात साठून जास्त होत नाही, म्हणून अंगावरचं दूध बाळाला सुरक्षित. दूध पुरत नाही असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा बाटली सुरू झाल्यामुळे बाळ अंगावर कमी ओढत असतं, आणि ओढलं नाही की दूध आणखी आटतं. दिवसरात्र आठ-दहा वेळा पाजायला लावा, आशाताईंना घरी बोलवा. दिवसात सहा वेळा तरी लंगोट ओला होत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय असं समजा. सहा महिन्यांपर्यंत गुटी, साखरपाणी, मधाचं बोट किंवा उन्हाळा म्हणून चमचाभर पाणी, यातलं काही नको.

पावडर द्यावीच लागली तर पाणी दुसरं हवं. गावातल्या नळाचा नायट्रेटचा अहवाल ग्रामपंचायतीकडे मागा. पाणी तपासायला प्रशिक्षण दिलेल्या बायकांकडे तपासणीची पेटी असते, तीत नायट्रेटची रंगाची चाचणी आहे. बाटलीत पाणी घेऊन जा, काही मिनिटांत अंदाज कळतो. आरओच्या यंत्रातून नायट्रेट निघतं, पण पडदा जुना झाला की सुटतं, म्हणून जारचं पाणीही एकदा तपासूनच घ्या. टीडीएस मीटरवर विसंबू नका, त्याला मीठ कळतं पण ते कुठलं हे कळत नाही. बोअर खोल आहे म्हणजे चांगला असंही नाही, आणि टँकर कुणाच्या तरी विहिरीवरच भरलेला असतो. चांगलं पाणी मिळालं की जंतूंसाठी तेही उकळायचंच, फक्त एक जोरदार उकळी आली की खाली उतरवून झाकायचं.

अहवाल वाचताना एक घोळ होतो. काही प्रयोगशाळा नायट्रेट लिहितात, काही नुसतं त्यातलं नत्र, म्हणजे NO3-N. नत्राचा आकडा 4.43 ने गुणला की नायट्रेट मिळतं. तुमचं 98 हे नायट्रेट आहे. तेच पाणी दुसरीकडे 22 म्हणून आलं असतं आणि तुम्ही '45 च्या आत आहे' म्हणून निश्चिंत झाला असता.

आता विहिरीकडे येऊ. तुमच्या आखाड्यावर मी पावलं मोजली. उकिरडा विहिरीपासून अठरा पावलांवर, तोही उताराच्या वरच्या बाजूला. गोठ्यातलं मूत चरातून तिकडेच जातं. विहिरीला वरचा पाच-सहा फूट बांध आहे, त्याखाली उघडा मुरूम, आणि उकिरड्याच्या बाजूने मुरमातून एक काळसर ओल उतरताना दिसली. दुसऱ्या बाजूला मोसंबीचे आळे, त्यात हाताने फेकलेला युरिया आणि लगेच पाटाने भरपूर पाणी.

युरियाचं मातीत काही दिवसांत अमोनिया आणि पुढे नायट्रेट होतं. काळ्या मातीचे कण ऋणभारी, नायट्रेटही ऋणभारी, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. मुळांनी घेतलं तेवढं घेतलं, उरलेलं पाण्याबरोबर खाली जातं. उन्हाळ्यात आपल्या जमिनीला हाताएवढ्या भेगा पडतात, मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात त्याच वाटेने ते थेट मुरमात उतरतं. त्यासाठी फार युरिया लागतो असंही नाही. तुमची विहीर 25 फूट व्यासाची, त्या दिवशी 12 फूट पाणी होतं, म्हणजे सुमारे 1 लाख 67 हजार लिटर. त्यातलं सगळं नायट्रेट जमवलं तर नत्र भरतं साडेतीन-पावणेचार किलो, म्हणजे 8 किलो युरियाएवढं.

उकिरडा आधी हलवा. विहिरीपासून किमान 100 फूट लांब, उताराच्या खालच्या अंगाला, आणि पावसाळ्यात वर झाकण. शौचालयाचा शोषखड्डाही तेवढाच लांब हवा. विहिरीभोवती जमिनीपासून उंच ओटा घ्या आणि मुरमाचा वरचा भाग बांधून काढा, म्हणजे वरचं पाणी थेट आत येणार नाही. युरिया एकदम टाकू नका, ठिबकमधून थोडा-थोडा द्या. आभाळ भरून आलंय आणि मोठा पाऊस सांगितलाय, त्या दिवशी गोणी उघडू नका.

आणि विहिरीत जे आहे ते खतात धरा. 98 नायट्रेटच्या 1 लाख लिटर पाण्यात 2.2 किलो नत्र असतं. बागेला वर्षात एकरी 10 लाख लिटर पाणी दिलं, तर 22 किलो नत्र पाण्यातूनच गेलं, म्हणजे युरियाच्या 45 किलोच्या एका गोणीतल्या नत्राहून थोडं जास्तच. एकरी एक गोणी युरिया यंदा कमी करा, पानांचा रंग बघत राहा. झाडं ते नत्र उचलतील आणि ते पुन्हा विहिरीत उतरणार नाही.

आकडा एका हंगामात खाली येणार नाही, मुरमात मुरलेलं निघायला काही वर्षं जातात. मृगाच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा नमुना द्या. पंप दहा मिनिटं चालू ठेवून, एक लिटरची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरा, थंड ठेवा आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. गुरांना, धुण्याला, आंघोळीला हे पाणी सध्या चालेल, बाळाच्या आंघोळीलाही. फक्त त्याच्या तोंडात जाऊ देऊ नका. नातू वर्षाचा होईपर्यंत त्याच्या पाण्याचा हंडा वेगळा ठेवा, आणि लेक सासरी जाईल तेव्हा तिथल्या विहिरीच्या पाण्याचाही अहवाल आधी मागवा.