लाजाळू नायिकेचं मन मोकळं करणारं गाणं

माझ्या संगीतिकेतली लाजाळू नायिका शेवटी मनातलं बोलते, पण ते गाणं खरं वाटत नाही. काय चुकतंय?

बहुतेक ती फार लवकर बोलतेय. पहिल्या कडव्यात ‘मी’ येऊच देऊ नका. चाल चार-पाच स्वरांतच फिरू दे: ‘खिडकी लावते, वारा फार आहे.’ दुसऱ्या कडव्यात तीच चाल, पण ‘राहू दे थोडी उघडी.’ इथेच प्रेक्षकाला कळायला लागतं.

मग वाद्यं पूर्ण थांबवा आणि तिला हळूच म्हणू द्या, ‘जायचंय मला.’ पट्टी चढवायची ती यानंतरच. आधी चढवलीत तर तिच्याआधी वाद्यवृंदच धीट होतो. चढलेल्या पट्टीत तीच ओळ पुन्हा येईल तेव्हा सगळ्यात उंच स्वर ‘मला’मधल्या ‘ला’वर ठेवा. ‘आ’ उघडा असल्यानं तो लांबवता येतो. ‘जायचंय’च्या शेवटी मात्र आवाज आवळतो.