चार बाजू मोजल्या, आता एक कर्ण मोजा

प्रश्न: वडिलांच्या मागे राहिलेला प्लॉट आम्हा तिघा भावंडांत सारखा वाटायचा आहे. प्लॉट वाकडातिकडा आहे, चारही बाजू मी टेपने मोजल्यात. त्यावरून तीन समान भाग कसे पाडू आणि भावंडांना पत्रात ते कसं मांडू?

उत्तर:

पत्र लिहायला बसण्याआधी एकदा परत प्लॉटवर जा आणि समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांमधलं अंतर, म्हणजे कर्ण, मोजून आणा. नुसत्या चार बाजूंवरून क्षेत्रफळ ठरत नाही. चार काठ्या टोकांना बांधून चौकट करा आणि एक कोपरा दाबा. काठ्या तेवढ्याच राहतात, चौकट मात्र चेपते आणि आतली जागा कमी होते. प्लॉटचंही तसंच आहे. भास्कराचार्यांनी लीलावतीत हे फार कडक शब्दांत सांगितलंय: कर्ण किंवा लंब न देता चौकोनाचं क्षेत्रफळ विचारणारा पिशाच, आणि उत्तर देणारा त्याहून मोठा.

हे मी पोळल्यानंतर शिकलो. आम्हीही तिघंच, थोरली ताई, दादा आणि मी. पहिलं पत्र मी बाजूंच्या सरासरीवर लिहिलं होतं. आमच्या प्लॉटच्या बाजू अशा: रस्त्याकडची अब ४२ मीटर, उजवीकडची बक ३९, मागची कड ३६ आणि डावीकडची डअ २७. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढली, ३९ आणि ३३, गुणाकार केला आणि १,२८७ चौरस मीटर असं ठोकून दिलं. ही रीत पुष्कळ जण वापरतात. पण ती फक्त आयतालाच बरोबर बसते. बाकी कुठल्याही चौकोनाला ती जास्तच जागा दाखवते, कमी कधीच नाही. आमच्या बाबतीत तर तिने अशक्य आकडा दिला होता. या चार बाजू हव्या तशा फिरवल्या तरी त्यांत जास्तीत जास्त सुमारे १,२६६ चौरस मीटर मावतात. म्हणजे मी भावंडांना अस्तित्वातच नसलेली जमीन वाटून देत होतो. ताईने तिच्या पद्धतीने हिशेब केला, तो जुळला नाही, आणि काही दिवस माझ्या हेतूवरच शंका आली. ते फार लागलं.

मग कर्ण मोजला. अ पासून क पर्यंत ४५ मीटर आला. कर्ण मिळाला की चौकोनाचे दोन त्रिकोण होतात आणि त्रिकोण तीन बाजूंनी पक्का ठरतो. प्रत्येकाचं क्षेत्रफळ हेरॉनच्या सूत्राने निघतं: तिन्ही बाजूंच्या बेरजेचं अर्धं घ्यायचं, त्यातून एकेक बाजू वजा करायची, हे चारही आकडे गुणायचे आणि वर्गमूळ काढायचं.

अबक त्रिकोण, बाजू ४२, ३९, ४५. अर्धी बेरीज ६३. √(६३ × २१ × २४ × १८) = ७५६.

अकड त्रिकोण, बाजू ४५, ३६, २७. अर्धी बेरीज ५४. √(५४ × ९ × १८ × २७) = ४८६.

एकूण १,२४२ चौरस मीटर, तिघांना प्रत्येकी ४१४. बाजू त्याच ठेवून कर्ण ४५ ऐवजी ४० असता, तर क्षेत्रफळ सुमारे १,१७७ भरलं असतं. सगळं त्या एका मापावर अवलंबून आहे, म्हणून दुसरा कर्णही मोजा. तो हिशेबासाठी नाही, पडताळ्यासाठी आहे. आमच्या आकड्यांवरून बड ५५.९३ मीटर यायला हवा होता, टेपवर ५५.९ आला. अर्धा मीटर इकडेतिकडे झाला असता तर कुठली तरी बाजू चुकीची मोजली गेली, किंवा कोपऱ्याचा दगडच चुकीचा धरला, असं समजलो असतो. टेप ताणून आणि आडवा धरा. उतारावर टेप जमिनीवर टेकवून मोजलं तर लांबी जास्त येते, आणि कागदोपत्री क्षेत्र मात्र नेहमी सपाटीवरचं असतं.

आता वाटणी. पहिला विचार मनात येतो तो असा: पुढची बाजू तीन समान भागांत, मागची बाजू तीन समान भागांत, आणि खुणा सरळ जोडून टाकायच्या. दिसायला अगदी न्याय्य. आमच्या प्लॉटवर त्याने डावीकडचा भाग ३६७ चौरस मीटरचा, मधला बरोबर ४१४ चा आणि उजवीकडचा ४६१ चा झाला असता. मधला भाग अशा रीतीने नेहमी नेमका तिसरा हिस्साच भरतो, त्यामुळे मधलाच तपासून पाहिला तर सगळं ठीक वाटतं. कडेच्या दोघांत मात्र ९४ चौरस मीटरचा फरक पडत होता.

म्हणून रस्त्याकडची बाजू सारखीच ठेवली, प्रत्येकाला १४ मीटर, आणि मागच्या खुणा सरकवल्या. रस्त्यावरच्या खुणांना प आणि फ म्हणू: अ पासून प १४ मीटरवर, फ २८ वर.

डावा भाग असा: पड अंतर मोजलं, ३३.७१. अपड त्रिकोणाच्या बाजू १४, ३३.७१ आणि २७, क्षेत्रफळ सुमारे १८१.४. हवेत ४१४, उरले २३२.६. ते मागच्या बाजूला लागून असलेल्या त्रिकोणातून भरून काढायचे. त्याची उंची म्हणजे प पासून मागच्या हद्दीचं सरळ अंतर. टेपचं एक टोक प वर धरून दुसरं हद्दीवरून सरकवत न्यायचं, सगळ्यात कमी वाचन येईल ती उंची. आमची ३०.९२ आली. पाया = २ × २३२.६ ÷ ३०.९२ = १५.०४. म्हणजे मागची पहिली खूण ड पासून १२ मीटरवर नाही, १५.०४ वर.

उजव्या बाजूने तेच. फबक त्रिकोणाचा पाया १४, क ची रस्त्यापासूनची उंची ३६, म्हणून २५२. उरले १६२. फ पासून मागच्या हद्दीपर्यंत ३४.८४. पाया = २ × १६२ ÷ ३४.८४ = ९.३०, हा क पासून मोजायचा. मध्ये मागच्या बाजूचे ११.६६ मीटर उरतात आणि मधला भाग आपोआप ४१४ चा होतो.

हे सगळं दुसऱ्या पत्रात घातलं, ते जवळजवळ जसंच्या तसं देतो:

"प्रिय ताई आणि दादा,

मागच्या पत्रातला १,२८७ चा आकडा चुकीचा होता. चूक माझी. कर्ण न मोजता बाजूंची सरासरी घेतली होती. आता दोन्ही कर्ण मोजलेत आणि सगळी मापं सोबतच्या आकृतीवर लिहिली आहेत. क्षेत्र १,२४२ चौरस मीटर भरतं, आपल्या प्रत्येकाचे ४१४.

रस्त्याची बाजू तिघांना १४-१४ मीटर सुचवतो. मागची बाजू डावीकडून १५.०४, ११.६६ आणि ९.३० मीटर. रुंदी सारखी नाही, कारण डावीकडे प्लॉटची खोली कमी आहे आणि उजवीकडे जास्त. क्षेत्र मात्र तिन्हीकडे तेच आहे. आकडेमोड जोडली आहे, कुणाकडूनही तपासून घ्या.

रेषा मी आखल्या आहेत, म्हणून निवड आधी तुम्ही दोघांनी करा. तुमच्यात आधी कोण हे तुम्हीच ठरवा. उरेल तो भाग माझा. क्षेत्र सारखं असलं तरी भागांचे आकार वेगळे आहेत. कुणाला कुठला भाग कमी किमतीचा वाटत असेल तर आत्ताच सांगा, रेषा सरकवू किंवा फरक पैशात भरून काढू.

हा फक्त प्रस्ताव आहे. तुम्हा दोघांचा होकार आला की अधिकृत मोजणी करून घेऊ आणि मगच वाटणीपत्र. मोजणीत क्षेत्र थोडं कमीजास्त निघालं तर तो फरक तिघांत सारखा वाटला जाईल. तोवर कुणीही कुंपण घालू नये, मीही घालणार नाही. एकदा तिघं मिळून टेप लावू, तारीख तुम्ही सांगा."

तुमच्या पत्रात निवडीचं वाक्य गाळू नका. ज्याने रेषा आखल्या त्यानेच आधी भाग उचलला, तर आकडे कितीही बरोबर असले तरी मनात अढी राहते. आकृतीवर नुसती क्षेत्रफळं लिहून भागणार नाही, मोजलेली प्रत्येक लांबी लिहा, म्हणजे समोरच्याला तुमच्यावर विश्वास न ठेवताही हिशेब परत करता येईल. आणि दशांशाचा फार बाऊ करू नका. आमच्या प्लॉटवर कर्णात १० सेंटिमीटरची चूक झाली असती तर एकूण क्षेत्र साधारण एकाच चौरस मीटरने बदललं असतं. असा फरक अधिकृत मोजणीत निघेल हे पत्रातच लिहिलेलं असलं, की नंतर त्यावरून वाद होत नाही.

ही रीत चार सरळ बाजूंच्या प्लॉटची आहे. तुमची एखादी हद्द मध्येच मोडत असेल तर तो मोड पाचवा कोपरा धरा आणि तिथपर्यंत आणखी एक कर्ण मोजा, त्रिकोण तीन होतील. हद्द नाल्यासारखी वळणाची असेल तर तिच्या कडेने एक सरळ दोरी ताणा, दोरीपासून हद्दीपर्यंतची अंतरं ठराविक टप्प्यांवर मोजा आणि तो पट्टा वेगळा मिळवा किंवा वजा करा.

आम्ही तिघांनी मिळून खुंट्या ठोकल्या त्या दिवशी वाटणीच्या दोन्ही रेषाही मोजल्या. हिशेबाने त्या ३०.९६ आणि ३४.८४ मीटर यायला हव्या होत्या. टेप दादाच्या हातात होता, वाचन ताईने केलं: ३०.९ आणि ३४.८. मग ताईने उजवीकडचा भाग घेतला, दादाने डावीकडचा. मधला माझ्याकडे आला.