आठव्या महिन्यात पोट साफ व्हायना: एरंडेल घ्यावं का?

“ताई, आधी एवढा त्रास नव्हता. आठवा लागला तसं चार-चार दिवस संडासला व्हायना. गोळ्यांनीच होतंय म्हणून मी लाल गोळ्या बंद केल्या. आई म्हणती, एरंडेल घे, एका दिवसात मोकळं होईल. घेऊ का?”

एरंडेल नको, हे मी तिला आधी सांगितलं. त्याने आतडी जोरात पिळवटतात, जुलाब होतात आणि गर्भाशयातही कळा सुरू होऊ शकतात. आठव्या महिन्यात ती जोखीम घ्यायची नाही. सोनामुखीचं चूर्णही स्वतःच्या मनाने नको.

पहिलटकरीण होती, लातूरकडच्या एका खेड्यात माहेरी आलेली. नऊ तारखेच्या तपासणीला आईसोबत आली होती. हिमोग्लोबिन 9.2. दोघींना बसवून विचारलं, शौच होतं तेव्हा कसं होतं? “शेळीच्या लेंड्यांसारखं, कडक,” ती खाली बघत म्हणाली. मी हे मुद्दाम विचारते. किती दिवसांनी होतं यापेक्षा कसं होतं यावरून जास्त कळतं. कडक खडे याचा अर्थ मळ मोठ्या आतड्यात फार वेळ पडून राहिला आणि त्यातलं पाणी शोषलं गेलं.

तो पडून का राहतो? गरोदरपणात वार प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक तयार करते आणि महिने सरतील तसं त्याचं प्रमाण वाढत जातं. गर्भाशयाचे स्नायू सैल ठेवायचे, वेळेआधी कळा येऊ द्यायच्या नाहीत, हे त्याचं काम. पण आतड्याच्या भिंतीतले स्नायूही त्याच जातीचे असतात, तेही सैल पडतात. मळ पुढे ढकलणारी हालचाल मंदावते. मोठं आतडं तर पाणी शोषण्यासाठीच असतं, त्याला वेळ जास्त मिळाला की ते शोषतच राहतं. शेवटच्या महिन्यांत वाढलेलं गर्भाशय खालच्या आतड्यावर दाबतं, त्यात लोहाच्या गोळ्यांची भर. सगळ्याच बायकांचा त्रास शेवटी वाढतो असं नाही, काहींना तो पहिल्या महिन्यांतच जास्त असतो. हिच्या बाबतीत मात्र सगळं एकावर एक आलं होतं.

गोळ्या बंद करूनही फरक का पडला नव्हता, ते तिच्या दिवसाकडे पाहिल्यावर उलगडलं. संडास अंगणाच्या टोकाला, तिथे दिवा नाही. रात्री जावं लागू नये म्हणून ती संध्याकाळनंतर पाणीच पीत नव्हती. दिवसभरात जेमतेम चार पेले. माहेरी लाडाने रोज साबुदाणा, नाहीतर दूधभात, आणि भाकरी जड पडेल म्हणून बंद. कुणीतरी सांगितलं म्हणून इसबगोल चालू होता, तोही अर्ध्या कप दुधात, वर पाणी नाही. इसबगोल पाणी धरून फुगतो. पाणीच कमी असलं तर तो आत घट्ट होऊन बसतो आणि पोट आणखी गच्च होतं.

मग ठरवलं ते असं. ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी परत सुरू. पाण्याचा तांब्या तिच्या उशाशी. इसबगोल घ्यायचा तर मोठा पेलाभर पाण्यात, वर आणखी एक पेला. सकाळी खाल्ल्यावर आतडं आपोआप हालचाल करतं, तेव्हा कळ आली की लगेच जायचं, घरची कामं उरकेपर्यंत दाबून धरायचं नाही. कुंथायचं नाही, त्याने मूळव्याध वर येते. तिचा भाऊ बाहेर थांबला होता, त्याला आत बोलावून संडासात बल्ब लावायला सांगितला. मला विचाराल तर त्या दिवशीचं सगळ्यात महत्त्वाचं औषध तेच होतं.

लाल गोळी सोडायची नव्हती. बाळंतपणात रक्त जातंच, आणि 9.2 वर ते झेपायला अवघड. डॉक्टरांनी लोहाचा प्रकार बदलून दिला. ती लोह आणि कॅल्शियम एकदमच गिळायची. कॅल्शियममुळे लोह नीट शोषलं जात नाही, म्हणून दोन्हींच्या वेळा वेगळ्या केल्या, आणि लोहाच्या आगेमागे चहा बंद. शौचाचा रंग काळपट होईल, घाबरू नकोस, हेही सांगून ठेवलं. काही दिवसांसाठी डॉक्टरांनी रात्री लॅक्ट्युलोजचं पातळ औषध लिहिलं. ते रक्तात जवळजवळ जात नाही, आतड्यातच पाणी ओढून धरतं. परिणामाला एक-दोन दिवस लागतात, म्हणून त्याच रात्री डोस वाढवायचा नाही.

आठवड्याने आईचा फोन आला. एक दिवसाआड होतंय, खडे नाहीत, पण पोट अजून जड वाटतं. तेवढं राहणारच होतं, कारण प्रोजेस्टेरॉन आणि गर्भाशयाचा दाब बाळंतपणापर्यंत असणार. मी पुन्हा बजावलं: पोट थांबून-थांबून कडक होऊन दुखायला लागलं, अंगावरून पाणी किंवा रक्त गेलं, उलट्या होऊन वायूही सरेना झाला, तर बद्धकोष्ठ समजून घरी थांबू नका, तडक दवाखान्यात या. शौचावाटे लाल रक्त दिसलं तर मूळव्याधच असेल असं धरू नका, त्याच दिवशी दाखवून घ्या.