२६ मिनिटांचा आउटेज आणि तीन आठवडे दडलेली गोष्ट

प्रश्न: मी ऑन-कॉल असताना प्रॉडक्शन बंद पडलं. मायग्रेशनही माझंच होतं, त्यामुळे मीटिंगमध्ये सगळं माझ्यावर आलं. टीममध्ये दोष न देण्याची पद्धत खरंच रुजवता येते का? सुरुवात कुठून करायची?

येते. मीटिंगमध्ये पहिला प्रश्न कोणता विचारला जातो, तिथूनच सुरुवात होते. हे मी इंदूरला आमच्या टीममध्ये चूक करून शिकले, म्हणून तो प्रसंगच सांगते.

रात्री ११ वाजून गेले होते. टीममधल्या सगळ्यात नव्या मुलाने ऑर्डरच्या टेबलमध्ये एक कॉलम वाढवायला घेतला. काम खरं तर क्षणभराचं. पण त्याच टेबलवर अर्ध्या तासापासून एक मोठा रिपोर्ट चालू होता. पोस्टग्रेसमध्ये कॉलम वाढवणाऱ्या `ALTER TABLE` ला त्या टेबलचं पूर्ण कुलूप लागतं, म्हणून ते रिपोर्ट संपायची वाट बघत थांबलं. पुढची गोष्ट अनेकांना माहीत नसते. ते नुसतं थांबलेलं असलं, तरी त्याच्यामागून आलेले साधे `SELECT` सुद्धा रांगेत त्याच्या मागेच उभे राहतात. मिनिटभरात सगळी कनेक्शन्स अडकली आणि साइट बंद.

ऑन-कॉल मी होते. रामबागेतल्या घरी फोन वाजला तेव्हा डोळा नुकताच लागला होता. मी दोनदा ॲप सर्व्हर रीस्टार्ट केले, उपयोग शून्य, कारण गाठ डेटाबेसमध्ये होती. शेवटी हे चालवलं:

```sql
SELECT pid, pg_blocking_pids(pid), query
FROM pg_stat_activity
WHERE wait_event_type = 'Lock';
```

सगळे `SELECT` एकाच `ALTER` मागे अडकलेले दिसले. `pg_cancel_backend` ने तो रद्द केला आणि रांग लगेच मोकळी झाली. एकूण २६ मिनिटं.

सकाळी मॅनेजरांनी विचारलं, "कोणी चालवलं?" मीही त्या मुलाकडे पाहिलं. तो मान खाली घालून म्हणाला, "माझी चूक झाली." निष्कर्ष लिहिला गेला: मायग्रेशन करताना काळजी घ्यावी. दहा मिनिटांत मीटिंग संपली.

दोन दिवसांनी दुसरा एक सहकारी मला एकटीला गाठून म्हणाला, "ताई, तीन आठवड्यांपूर्वी माझ्याकडूनही हेच झालं होतं. चाळीस सेकंदांत लक्षात आलं, मी रद्द केलं आणि गप्प बसलो." तेव्हा मला खरं वाईट वाटलं. त्याने ते ग्रुपवर टाकलं असतं तर ती रात्र आलीच नसती. आणि त्याने ते का टाकलं नाही, याचं उत्तर आम्हीच त्या मीटिंगमध्ये दिलं होतं.

मी मॅनेजरांना भेटले आणि मीटिंग पुन्हा घेतली. या वेळी आधी फक्त घटनाक्रम लिहिला, तोही नावांऐवजी भूमिकांनी: मायग्रेशन चालवणारा, ऑन-कॉल. मग त्या मुलाला विचारलं, "चालवताना तुझ्या स्क्रीनवर काय दिसत होतं?" तो म्हणाला, "काहीच नाही. स्टेजिंगवर लगेच झालं होतं, म्हणून वाटलं इथे नेट हळू असेल." खरं कारण तिथे सापडलं. स्टेजिंगवर लांब रिपोर्ट कधी चालतच नाहीत, त्यामुळे तिथली चाचणी याबाबतीत काहीच सांगत नव्हती. त्याच्या जागी मी असते तर मीही एंटर दाबलं असतं.

"काळजी घ्यावी" खोडून आम्ही मायग्रेशनच्या टूलमध्येच हे घातलं:

```sql
SET lock_timeout = '3s';
```

तीन सेकंदांत कुलूप मिळालं नाही तर मायग्रेशन स्वतःच मागे हटतं. ते पुन्हा चालवावं लागतं आणि तेवढे तीन सेकंद रांग लागतेच, पण साइट पडत नाही. शिवाय पाच मिनिटांहून जुन्या ट्रान्झॅक्शनवर अलार्म लावला. प्रत्येक कामापुढे एकाचं नाव आणि तारीख लिहिली. दोष न देणं म्हणजे जबाबदारी न ठेवणं नव्हे. फक्त ती पुढच्या दुरुस्तीची असते. जाणूनबुजून लॉग पुसणाऱ्याची गोष्ट वेगळी, तो विषय या मीटिंगचा नाही.

मोठ्या ठिकाणीही असंच पाहायला मिळतं. २८ फेब्रुवारी २०१७ ला ॲमेझॉनची एसथ्री सेवा एका कमांडमधल्या चुकीच्या इनपुटमुळे कोलमडली. त्यांच्या जाहीर निवेदनात कमांड कोणी दिली त्याचं नाव नव्हतं. त्या टूलने एकदम इतके सर्व्हर काढू दिले हेच त्यांनी दुरुस्त केलं.

तुमच्या बाबतीत, मॅनेजर तयार नसतील तर घटनाक्रम तुम्ही स्वतःच लिहा. कोणत्या वेळी काय दिसलं, त्यावरून काय वाटलं, काय केलं, एवढंच. माफी त्यात घालू नका. पद्धत रुजतेय का हे ओळखायचं असेल, तर थोडक्यात निभावलेल्या चुका लोक आपणहून सांगतात का ते बघा. आमच्या ग्रुपवर पहिली तशी नोंद यायला दोन महिने लागले, आणि ती त्याच मुलाने टाकली.