इंग्रजी कमी समजणाऱ्यांना मेसेज सोपा करून लिहायचा, पण तो पोरकट वाटू नये. कसं जमवायचं?

"पवईच्या एका कंपनीत मी ॲडमिन बघतो. मशीनच्या कामासाठी आलेले परदेशी टेक्निशियन आणि आमचे हाउसकीपिंगवाले, दोघांनाही मेसेज इंग्रजीतच जातात. अर्ध्यांना ते कळत नाहीत. छोटी वाक्यं केली तर साहेब म्हणतात, लहान मुलांना लिहिल्यासारखं वाटतं. काय करू?"

तुमच्या साहेबांचं वाक्य वाचलं आणि लगेच लिहायला बसले. अगदी हेच मी बॅलार्ड इस्टेटमधल्या एका शिप एजन्सीत ऐकलंय. तिथे मी ऑपरेशन्सला होते. बंदरात येणाऱ्या जहाजांच्या कॅप्टनना मेसेज पाठवायचे: जहाज बंदरात आणणारा पायलट कधी चढेल, धक्क्याला बर्थ कधी मिळेल, इमिग्रेशनला कुठले कागद लागतील, पिण्याचं पाणी कधी येईल. कॅप्टन कधी चिनी, कधी युक्रेनचा, कधी म्यानमारचा, तर कधी आपल्या रत्नागिरीचा. कामापुरतं इंग्रजी सगळ्यांना येतं, आल्याशिवाय त्यांना ती खुर्ची मिळतच नाही. येत नाही ते आपलं सरकारी वळणाचं इंग्रजी, आणि आमच्या ऑफिसातून नेमकं तेच जायचं.

एका मेसेजची गोष्ट सांगते. मे महिन्याचा शेवट होता, एक जहाज बाहेर नांगरावर उभं होतं आणि त्याला पाणी द्यायचं होतं. आमच्या साहेबांनी लिहून पाठवलं: "काइंडली बी ॲडव्हाइज्ड दॅट फ्रेश वॉटर बार्ज मे बी एक्स्पेक्टेड अलाँगसाइड ऑन थर्सडे मॉर्निंग वेदर परमिटिंग, अनलेस अदरवाइज ॲडव्हाइज्ड, अँड यू आर रिक्वेस्टेड टू डू द नीडफुल." कॅप्टनचं उत्तर आलं, "नोटेड विथ थँक्स." ऑफिसात सगळे निर्धास्त.

गुरुवारी सकाळी बार्ज, म्हणजे पाणी घेऊन जाणारी बोट, जहाजाजवळ पोचली तेव्हा डेकवर दोर घ्यायला एकही माणूस नव्हता. बार्जवाला हॉर्न वाजवून दमला. शेवटी व्हीएचएफ रेडिओवर बोलणं झालं. कॅप्टनचं म्हणणं होतं, मी तुमच्या कन्फर्मेशनची वाट बघतोय, तुम्ही तर पुढे काही कळवलंच नाही. माणसं उठवून, दोर काढून, टाकीची झाकणं उघडेपर्यंत सगळी सकाळ गेली. बार्जवाल्याने थांबण्याचं बिल लावलं, जहाजमालक म्हणाला आम्ही देणार नाही, आणि ऑफिसात निष्कर्ष निघाला की कॅप्टनला इंग्रजी येत नाही.

माझं तेव्हाही हेच मत होतं आणि आजही आहे: कॅप्टनने मेसेज बरोबर वाचला होता. "मे बी एक्स्पेक्टेड" म्हणजे कदाचित येईल. "अनलेस अदरवाइज ॲडव्हाइज्ड" म्हणजे पुढे आणखी काहीतरी कळवणार आहेत. मग तो कळण्याची वाट बघत बसला, यात चुकलं काय? आमच्या मनात होतं की काही कळवलं नाही तर बार्ज येणारच. त्याच्या मनात होतं की काही कळवलं नाही म्हणजे अजून ठरलेलं नाही. आम्ही गप्प राहिलो तर त्याचा अर्थ काय घ्यायचा, हे मेसेजमध्ये कुठेच नव्हतं. आणि "डू द नीडफुल" मधलं नीडफुल म्हणजे नेमकं काय? दोर, माणसं, टाकी, शिडी? हा प्रयोग आपल्याकडच्या ऑफिसांत चालतो, बाहेरच्या माणसाला त्यातून काहीच हाती लागत नाही.

पुढच्या पाण्याच्या वेळी मेसेज मी लिहिला: "गुड डे कॅप्टन. द फ्रेश वॉटर बार्ज विल कम ऑन थर्सडे, १ जून, ॲट ०७०० लोकल टाइम. क्वांटिटी इज २०० टन्स. प्लीज कीप क्रू ऑन डेक फॉर लाइन्स अँड होज. इफ द स्वेल इज हाय, द बार्ज कॅनॉट स्टे अलाँगसाइड, सो इट विल नॉट कम. इन दॅट केस, आय विल सेंड यू अ मेसेज बिफोर ०५००. इफ यू गेट नो मेसेज, द बार्ज इज कमिंग. प्लीज रिप्लाय: विच साइड विल यू प्रिपेअर, पोर्ट ऑर स्टारबोर्ड?"

साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, "अगं, कॅप्टन आहे तो, बालवाडीतला पोरगा नाही." वर हेही म्हणाले की आधीच्यापेक्षा हा लांब झालाय, मग सोपा कसला? लांब झाला होता हे खरं. एका वाक्यात कोंबलेल्या गोष्टी वेगळ्या काढल्या, आणि आधी लिहिलेच नव्हते ते तास, टन आणि अट घातली, की मेसेज लांबणारच. वाक्य छोटं ठेवायचं असतं, मेसेज छोटा ठेवायची सक्ती नसते. कॅप्टनचं उत्तर आलं: "स्टारबोर्ड. ४ क्रू रेडी ॲट ०६३०. कॅन टेक १८० टन्स ओन्ली." हे उत्तर "नोटेड" पेक्षा किती वेगळं आहे बघा. टाकीत जागा कमी आहे हे आम्हाला आदल्या दिवशीच कळलं.

बाजू, पोर्ट म्हणजे डावी की स्टारबोर्ड म्हणजे उजवी, मी मुद्दाम विचारली होती. नांगरावरचं जहाज वारा आणि भरती-ओहोटीबरोबर फिरतं, त्यामुळे बार्ज कुठल्या बाजूला सुरक्षित लागेल हे कॅप्टनच ठरवू शकतो. पण दुसरं कारण तुमच्या कामाचं आहे. इंग्रजी कच्चं असलेला माणूस न कळलेल्या मेसेजलाही "ओके", "नोटेड", "येस सर" असंच उत्तर देतो, कारण कळलं नाही म्हणायला लाज वाटते. म्हणून शेवटी "प्लीज कन्फर्म" लिहू नका. असा प्रश्न लिहा की उत्तरात आकडा, वेळ किंवा नाव द्यावंच लागेल. ते चुकीचं आलं किंवा आलंच नाही, तर मेसेज पोचलेला नाही असं समजून फोन करा.

आता पोरकटपणाबद्दल. मेसेज पोरकट वाटतो तो समोरच्याला जे आधीच ठाऊक आहे ते समजावून सांगितल्याने. "प्लीज कीप द शिप सेफ" असं कॅप्टनला लिहिणं हा अपमान आहे. बार्ज, होज, स्टारबोर्ड, स्वेल हे शब्द मात्र मी कधीच सोपे केले नाहीत, कारण ते त्याच्या धंद्याचे आहेत आणि माझ्यापेक्षा त्याला जास्त कळतात. तुमच्या टेक्निशियनलाही "कंप्रेसर" हा शब्द तसाच द्या. सोपं करायचं ते कंप्रेसरच्या आजूबाजूचं इंग्रजी. पोरकटपणा मोडक्या इंग्रजीतूनही येतो: "यू कम टुमारो, ओके?" असं समोरच्याची नक्कल केल्यासारखं लिहू नका, व्याकरण पूर्ण ठेवा. दर ओळीत "प्लीज", कॅपिटल अक्षरं, उद्गारचिन्हं, हेही काढा. आणि "इफ", "बिकॉज", "सो" हे जोडशब्द काढू नका. ते काढले की चार-चार शब्दांची तुटक वाक्यं उरतात आणि मग खरोखर बालवाडीचं वाटतं. माझ्या मेसेजमध्ये लाटा जास्त असल्या तर बार्ज का येणार नाही, याचं कारण एका वाक्यात आहे. कारण दिलं की सूचना हुकमासारखी वाटत नाही आणि समोरचा समजूतदार माणूस आहे हे तुम्ही मानलंय, हेही दिसतं.

आमच्या साहेबांना हे कधीच पटलं नाही. त्यांना मी एक गोष्ट दाखवायला हवी होती, ती तुम्ही तुमच्या साहेबांना दाखवा. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2001 साली समुद्रावरच्या बोलण्यासाठी इंग्रजी वाक्यांचा एक प्रमाण संच मंजूर केला. त्यात "मे", "माइट", "शुड", "कुड" यांपासून सावध केलंय. "मे आय एंटर द फेअरवे?" ऐवजी "डू आय हॅव परमिशन टू एंटर द फेअरवे?" असं विचारायला सांगितलंय, कारण "मे" म्हणजे परवानगी की शक्यता, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. विमानांच्या देखभालीच्या मॅन्युअल्ससाठीही असंच नियमबद्ध सोपं इंग्रजी आहे. त्यात सूचनेचं वाक्य जास्तीत जास्त २० शब्दांचं आणि माहितीचं २५ शब्दांचं असावं लागतं. ती वाक्यं परवानाधारक इंजिनीअर वाचतात. त्यांना कोणी लहान मूल समजत नाही.

तारीख-वेळेबद्दल थोडक्यात. ०३/०४ असं लिहू नका, कोणी ३ एप्रिल वाचतो तर कोणी ४ मार्च. महिना अक्षरांत आणि सोबत वार. वेळेपुढे "लोकल टाइम" लिहा, कारण आपली वेळ जागतिक वेळेपेक्षा साडेपाच तास पुढे आहे आणि तो अर्धा तास बाहेरच्या लोकांच्या हिशेबातून हमखास सुटतो. "अरेंजमेंट्स विल बी मेड" असंही नको. कोण करणार ते नावानिशी लिहा, नाहीतर दोन्ही बाजू एकमेकांची वाट बघत बसतात.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. कायदेशीर वजन असलेले शब्द सोपे करायला जाऊ नका. आमच्याकडे "नोटीस ऑफ रेडिनेस", म्हणजे जहाज माल चढवायला-उतरवायला तयार असल्याची सूचना, दिल्यावर करारातल्या वेळेची मोजणी सुरू होऊ शकते, तिथे एका शब्दाचा फरक पैशांत जातो. अशा वेळी मूळ मजकूर तसाच ठेवायचा आणि खाली सोप्या चार ओळी जोडायच्या. तुमच्याकडे वॉरंटीची, अपघाताची किंवा दंडाची पत्रं असतील तर त्यांनाही हेच लागू.

आणि हाउसकीपिंगवाल्यांना इंग्रजीत का लिहिता? पवईतल्या तुमच्या लोकांना मराठी किंवा हिंदी वाचता येत असेल तर सरळ त्यात लिहा, "लिफ्ट", "पँट्री", "शिफ्ट" हे रोजचे शब्द तसेच ठेवून. ज्याला वाचायची सवय नाही त्याला व्हॉइस मेसेज पाठवा आणि त्यातही शेवटी विचारा, "कितने बजे आओगे?" इंग्रजीची मेहनत टेक्निशियन लोकांसाठी ठेवा. साहेबांना इंग्रजीच हवं असेल तर त्यांची प्रत वेगळी पाठवा.