एसओपीतला तो एक पॅरा: टीबीचा प्रोजेक्ट आणि मावशीच्या चकरा

प्रश्न: मी नागपूरचा, सीएसई फायनल इयर. बाहेर हेल्थ डेटा सायन्सच्या मास्टर्सला अप्लाय करून राहिलो. प्रोजेक्ट छातीच्या एक्स-रेवरून टीबी ओळखायचा होता, कॅगलवरचा 4200 इमेजेसचा डेटा, अॅक्युरसी 98%. मावशी कामठीकडे आशा वर्कर आहे. एसओपीत, म्हणजे अॅडमिशनच्या अर्जासोबतच्या निबंधात, "मशीन लर्निंग फॉर पब्लिक हेल्थमध्ये इंटरेस्ट का" हा पॅरा चारदा लिहिला, दरवेळी पाठ केल्यासारखा वाटतो. काय लिहू?

उत्तर: भाऊ, पॅरा नंतर लिहू, आधी तुझ्या त्या 98 कडे बघू, कारण जो इंटरेस्ट तू शोधून राहिला तो तिथंच दडून बसला आहे.

तो 4200 चा सेट म्हणजे 700 टीबी आणि 3500 नॉर्मल. म्हणजे मॉडेलनं डोळे मिटून सगळ्यांना नॉर्मल म्हटलं तरी 83% येतात. पण खरी गोची पुढे आहे. तो सेट वेगवेगळ्या ठिकाणच्या इमेजेस जोडून बनवलाय. चीनमधलं शेन्झेन आणि अमेरिकेतलं मॉन्टगोमेरी हे दोन जुने सेट मिळून 800 इमेजेस, त्यात टीबी आणि नॉर्मल दोन्ही आहेत. उरलेल्या टीबीच्या इमेजेस बेलारूसच्या, आणि उरलेल्या नॉर्मल आरएसएनए या अमेरिकेतल्या रेडिओलॉजीच्या संस्थेच्या निमोनियावाल्या डेटामधून. आता बघ, बेलारूस म्हटलं की टीबीच, आरएसएनए म्हटलं की नॉर्मलच. मशीन वेगळं, कॉन्ट्रास्ट वेगळा, कडेचे मार्कर वेगळे, मग मॉडेलला फुप्फुस बघायची गरजच काय? फोटो कुठला आहे एवढं कळलं की मार्क मिळाले. हे उगाच घाबरवणं नाही, 2018 मध्ये निमोनियाच्या मॉडेल्सवर पेपर आला होता, त्यात नेटवर्क एक्स-रे कोणत्या हॉस्पिटलचा आहे हेच ओळखून राहिलं होतं आणि बाहेरच्या हॉस्पिटलच्या इमेजेसवर बऱ्याचदा घसरलं होतं.

एका संध्याकाळचं काम आहे, करून बघ. शेन्झेनचे 662 आणि मॉन्टगोमेरीचे 138 एक्स-रे मूळ रूपात वेगळे मिळतात. फक्त शेन्झेनवर ट्रेन कर, मॉन्टगोमेरीवर टेस्ट कर. दुसरं, 4200 वाल्या इमेजेसमध्ये फुप्फुसाचा भाग काळा करून फक्त कडा ठेव आणि तुझं जुनं 98 वालं मॉडेल पुन्हा चालव. फुप्फुस झाकूनही ते 83 च्या बरंच वर बरोबर सांगत असेल तर समजून जा की ते टीबी बघतच नव्हतं. आकडा पडेल बहुतेक. पडू दे, तोच तुझ्या पॅराचा माल आहे.

आता मावशी. मावशी लिहायची, पण "मावशीला गावोगावी फिरताना बघून माझं मन भरून आलं" असं नाही, अॅडमिशनवाल्यांनी अशा मावश्या शेकड्यानं वाचल्या असतात. मावशीचं काम हिशोबात आण.

देशात 2019-21 मध्ये टीबीचा सर्व्हे झाला, त्यात 15 वर्षांवरच्या दर लाख लोकांमागे तपासणीत पक्का झालेला फुप्फुसाचा टीबी 316 जणांना निघाला. मावशीच्या भागात 10,000 मोठ्या माणसांचे एक्स-रे काढले असं धर, तर टीबीवाले साधारण 32. तुझं मॉडेल शंभरातले 90 टीबीवाले पकडतं आणि शंभरातल्या 90 चांगल्यांना चांगलं म्हणतं असं धरू (मी उदार होऊन राहिलो). 32 पैकी 29 सापडले, वा. पण उरलेल्या 9968 चांगल्या माणसांपैकी 10 टक्के म्हणजे 997 जणांनाही त्यानं टीबी म्हटलं. एकूण 1026 जण, त्यात खरे 29, म्हणजे 35 मागे एक. अर्धे टीबी अर्धे नॉर्मल अशा टेस्ट सेटवर याच मॉडेलनं टीबी म्हटलेल्या 10 पैकी 9 जण खरे निघाले असते. मॉडेल तेच, फक्त लोक बदलले.

आणि एक्स-रेवर संशय आला म्हणजे टीबी पक्का होत नाही, थुंकी तपासावी लागते. डबी कोण देईल? मावशी. सकाळी खोकून काढ, लाळ नको, असं कोण समजावेल? मावशी. डबी घ्यायला गेलं तर माणूस शेतावर गेलेला, पुन्हा चक्कर. म्हणजे तुझ्या कोडमध्ये थ्रेशोल्ड, म्हणजे किती स्कोअरच्या वर टीबी म्हणायचं तो आकडा, 0.5 वरून 0.4 केला की तिकडे मावशीच्या चकरा वाढतात, आणि 0.6 केला की एखादा खरा पेशंट घरीच खोकत राहतो. डब्ल्यूएचओनं 2021 मध्ये 15 वर्षांवरच्या लोकांसाठी एक्स-रे वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला मान्यता दिली, पण कट-ऑफ कुठं ठेवायचा हे ज्या त्या भागात ठरवावं लागतं. हा प्रश्न मशीन लर्निंगचा आहे की पब्लिक हेल्थचा? दोन्हीचा. म्हणून तुला दोन्ही शिकायचं आहे, एवढंच तर लिहायचं आहे नं.

मी स्वतः इथंच आपटलो होतो. माझ्या एसओपीत अॅक्युरसी ठळक अक्षरात होती, इंटरव्ह्यूत बाईंनी शांतपणे विचारलं, "हे वापरलं तर रोज किती लोकांना पुढच्या तपासणीला पाठवावं लागेल?" मी गप्प. तिथं झालं नाही माझं, आणि झालं नाही ते बरोबरच होतं.

आधी मराठीत लिही, मग इंग्रजीत आण, नाहीतर ते "पॅशनेट अबाउट" आपोआप येऊन बसतं. साधारण असं, गाळलेल्या जागी तुझे खरे आकडे:

"माझ्या टीबी प्रोजेक्टची अॅक्युरसी 98% होती. नंतर मी मॉडेल शेन्झेनच्या एक्स-रेंवर शिकवून मॉन्टगोमेरीच्या एक्स-रेंवर तपासलं, तेव्हा ती ___ वर आली. फुप्फुस झाकूनही पहिलं मॉडेल ___ टक्के बरोबर होतं, म्हणजे ते आजारापेक्षा फोटोचा स्रोत ओळखत होतं. माझी मावशी नागपूर जिल्ह्यात आशा आहे. संशयित रुग्णाच्या घरी थुंकीची डबी पोचवणं आणि परत आणणं हे तिचं काम. देशाच्या सर्व्हेतल्या प्रमाणानं हिशोब केला तर, माझं मॉडेल रुग्ण आणि निरोगी दोन्ही ओळखण्यात 90 टक्के अचूक असतं तरी एक खरा रुग्ण शोधायला तिला साधारण 35 घरी जावं लागलं असतं. कट-ऑफ ठरवताना सुटलेला रुग्ण आणि वाया गेलेली फेरी यांचा तोल कसा साधायचा, हे मला शिकायचं आहे."

बस, याच्यावर "एआयनं टीबी संपवू" वगैरे चढवू नको. मावशीला मात्र विचारून घे, तिला एका डबीसाठी खरंच किती चकरा होतात, तिचा आकडा माझ्या आकड्यापेक्षा भारी पडेल. पुढच्या पॅरात त्या कोर्समधला एखादा विषय याला जोड, कॅलिब्रेशन किंवा डिसिजन अॅनालिसिस शिकवत असतील तर तोच, तीन ओळी पुरे.

आणि हो, ज्या सरांकडून एलओआर म्हणजे शिफारसपत्र घेऊन राहिला त्यांना नवे आकडे आजच दाखव. नाहीतर तू लिहिशील 98 फसवा होता, आणि सरांच्या पत्रात तोच 98 कौतुकानं छापलेला असेल.